अकरा महिन्यांचा करार आणि वकिलाचं कॅप्शन

‘घरमालक घर खाली करायला सांगतोय? डिपॉझिट अडकलंय? घाबरू नका! भाडेकायद्यातील तज्ज्ञ वकील. शेकडो प्रकरणं जिंकली. पहिला सल्ला मोफत. आजच मेसेज करा.’

एखाद्या तरुण वकिलाने भाडेकरूंच्या हक्कांवर चित्र बनवलं आणि त्याखाली हे कॅप्शन टाकलं असं समजू. हेतू चांगला असेलही. पण यात कायद्याची माहिती देणारं एकही वाक्य नाही. आहे ते सगळं गिऱ्हाइकाला हाक मारणारं आहे, आणि वकिलाला नेमकी तीच हाक मारता येत नाही.

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांतला नियम ३६ सांगतो की वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे काम मागू नये किंवा स्वतःची जाहिरात करू नये. पत्रकं, दलाल, ओळख नसताना घेतलेल्या गाठीभेटी आणि आपण चालवलेल्या खटल्यांच्या संदर्भात छापवून आणलेले फोटो, या सगळ्याचा त्यात उल्लेख आहे. पाटीदेखील माफक आकाराची हवी आणि तिच्यावर अमुक कामातला विशेषज्ञ असं लिहू नये. २००८ मध्ये वकिलांना संकेतस्थळाची मुभा मिळाली, तीही मोजक्या तपशिलांपुरती: नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र. नियम मोडल्याचं सिद्ध झालं तर ताकीद, सनद काही काळ स्थगित होणं किंवा वकिलांच्या यादीतून नाव काढलं जाणं, इथपर्यंत शिक्षा होऊ शकते.

या नियमामागे महाराष्ट्राचा एक जुना अनुभव आहे. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाच्या दारातच पक्षकारांना गाठून त्यांची वकीलपत्रं मिळवण्यासाठी झोंबाझोंबी केल्याचा आरोप काही वकिलांवर झाला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७५ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी वकिली हा व्यापार नाही हे ठामपणे सांगितलं. तिथे पोचलेला माणूस घाबरलेला असतो, त्याला फी परवडेल की नाही याची धाकधूक असते, आणि जो पहिला हात धरेल त्याच्यामागे तो जातो. घर जाण्याच्या भीतीने रात्री मोबाइल चाळणाऱ्या भाडेकरूची अवस्था वेगळी नसते. म्हणून मला हा नियम आजही रास्त वाटतो. फक्त त्याचा अर्थ वकिलाने गप्प बसावं असा काढू नये. कायदा काय आहे हे सांगण्याला तो आड येत नाही.

मग सांगायचं काय? एकच मुद्दा घ्यावा आणि तो पुरता सांगावा. माझ्या मते सर्वांत उपयोगी मुद्दा नोंदणीचा आहे, कारण त्याबद्दलचा गैरसमज घराघरांत आहे. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोटरी केली की झालं,’ असं घरमालक, दलाल आणि भाडेकरू तिघंही म्हणतात. नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यातून ही अकरा महिन्यांची वहिवाट पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम ५५ मुदत बघत नाही. लिव्ह अँड लायसन्स असो वा भाडेपट्टा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. नाशिकमध्ये एक परिचारिका महिना ९,००० रुपये भाड्याने राहते. ५०,००० रुपये डिपॉझिट तिने बँकेतून पाठवलं. करार स्टँपपेपरवर लिहून नोटरी केलेला, नोंदणी नाही. मुदत संपल्यावर तिने घर सोडलं, तेव्हा मालकाने ९,००० रुपये कापून ४१,००० परत केले. ‘रंगाचा खर्च तुम्ही द्यायचा, असं तोंडी ठरलं होतं,’ हे त्याचं म्हणणं. करारात तशी ओळ नाही आणि ती म्हणते, असं काही ठरलंच नव्हतं.

अशा वेळी कलम ५५ चा दुसरा भाग कामी येतो. नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, त्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंत. म्हणजे रंगाची अट होती हे दाखवण्याचा भार मालकावर येतो. पण ‘त्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ हे शब्द गाळून चालत नाहीत. तिने घर घेताना ‘हो, रंगाचे पैसे कापा’ असा मेसेज पाठवला असेल आणि मालकाने तो दाखवला, तर तिची बाजू तिथेच लंगडी पडते. ‘भाडेकरूचाच शब्द अंतिम’ असं कॅप्शनमध्ये लिहिणारा वकील वाचकाला खड्ड्यात उतरवतो.

तशीच दुसरी घातक ओळ म्हणजे ‘तुम्हाला कोणी घराबाहेर काढू शकत नाही’. पिढ्यान्‌पिढ्या जुन्या चाळीत राहणाऱ्या भाडेकरूला कायद्याने दिलेलं संरक्षण वेगळं आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याची स्थिती वेगळी. लायसन्सची मुदत संपली की घर सोडावं लागतं. सोडलं नाही तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. समन्स आल्यावर ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य केल्यासारखं होतं. करार नोंदवलेला नव्हता म्हणून घरात राहून घेऊ, असं समजणारा माणूस इथे फसतो.

‘केंद्राच्या कायद्याने डिपॉझिट दोन महिन्यांहून जास्त घेता येत नाही,’ हेही वाक्य फार फिरतं. २०२१ चा तो आदर्श भाडेकरू कायदा हा नमुना आहे. राज्याने त्यानुसार कायदा केल्याशिवाय तो तिथल्या भाडेकरूला लागू होत नाही.

आता तेच कॅप्शन असं लिहिता येईल:

‘महाराष्ट्रात घर भाड्याने देताना करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत ११ महिन्यांची असली तरी (महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५). नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मात्र घरमालक त्याविरुद्ध पुरावा देऊ शकतो. भाडं आणि डिपॉझिट बँकेतून द्या, पावत्या जपा. मुदत संपल्यावर घर सोडण्याचं बंधन यामुळे टळत नाही. ही सर्वसाधारण माहिती आहे, तुमच्या प्रकरणावरचा सल्ला नाही. मोफत कायदेशीर मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन: १५१००.’

यात ‘तज्ज्ञ’ नाही, जिंकलेल्या खटल्यांची मोजणी नाही, ‘मोफत सल्ला’ नाही. फोन क्रमांक आहे तो सरकारी यंत्रणेचा. विधी सेवा प्राधिकरणाकडे महिला, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असणारे यांना वकील विनामूल्य मिळतो. उदाहरणातल्या परिचारिकेला तर उत्पन्नाची अटही आड येत नाही. पोस्टखाली वकिलाने आपलं नाव लिहावं, म्हणजे माहितीची जबाबदारी कोणाची हे कळतं. कोणी स्वतःची हकिगत लिहून ‘मी काय करू?’ असं विचारलं, तर कलमाचा अर्थ पुन्हा समजावावा आणि कागद दाखवून आपल्या पसंतीच्या वकिलाला किंवा प्राधिकरणाला विचारा, एवढंच लिहावं. ‘मला मेसेज करा’ हे तीन शब्द तिथेही लिहायचे नाहीत.