झेब्रा क्रॉसिंगला पट्टे किती आणि रंग किती? मोबाईलवरच काढा हिशोब

समजा परभणीत वसमत रोडच्या बाजूला एका शाळेसमोरचं क्रॉसिंग पुसट झालंय आणि ते नव्याने रंगवायचंय. रस्त्याची रुंदी टेपने मोजली, ती भरली ७.५ मीटर. आता पट्टे किती मारायचे?

आपल्याकडे रस्त्यावरच्या खुणांचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ३५ या संहितेत आहेत. त्यानुसार झेब्राचा पट्टा साधारण ५० सेंटिमीटर रुंद असतो आणि दोन पट्ट्यांमधली मोकळी जागाही तेवढीच. पट्टे गाड्यांच्या दिशेला समांतर असतात. म्हणून पट्ट्यांची संख्या रस्त्याच्या रुंदीवरून ठरते. पट्टा लांब किती, हे क्रॉसिंग किती रुंद हवं त्यावर ठरतं. आपण ती लांबी ३ मीटर धरू.

बहुतेक जण इथे सरळ भागाकार करतात. पट्टा आणि जागा मिळून १ मीटर, म्हणून ७.५ भागिले १, म्हणजे ७ पट्टे. पण हे उत्तर चुकीचं आहे. शेवटच्या पट्ट्यानंतर मोकळी जागा लागतच नाही. कुंपणाला खांब नेहमी मधल्या गाळ्यांपेक्षा एकाने जास्त असतात, तसंच हे. ८ पट्ट्यांमध्ये जागा ७ च येतात. ८ पट्ट्यांचे ४ मीटर आणि ७ जागांचे ३.५ मीटर, बरोबर ७.५ मीटर. भागाकारावर विसंबलात तर एक पट्टा कमी पडतो आणि कडेला मीटरभर डांबर उघडंच राहतं.

म्हणून आधी रुंदीत एक जागा मिळवायची आणि मग भागायचं. गूगल शीट्समध्ये B1 मध्ये रस्त्याची रुंदी, B2 मध्ये पट्ट्याची रुंदी, B3 मध्ये मोकळी जागा आणि B4 मध्ये पट्ट्याची लांबी भरा. हे सगळं सेंटिमीटरमध्ये (750, 50, 50, 300). B5 मध्ये रंगाच्या थराची जाडी मिलिमीटरमध्ये, म्हणजे 2.5. मग खालच्या चार ओळी त्या त्या रकान्यात टाका:

```
B6: =INT((B1+B3)/(B2+B3))
B7: =(B1-B6*B2-(B6-1)*B3)/2
B8: =B6*B2*B4/10000
B9: =B8*B5*2
```

B6 मध्ये पट्टे येतात. B7 सांगतो की दोन्ही कडांना प्रत्येकी किती सेंटिमीटर सोडायचे. इथे उत्तर शून्य येईल. पण B1 मध्ये 700 टाकून बघा, पट्टे ७ होतील आणि कडेला २५-२५ सेंटिमीटर उरतील. मीटरऐवजी सेंटिमीटर घेतलेत, कारण दशांशात कधीकधी ८ च्या जागी ७.९९९९ तयार होतं आणि INT त्याचे ७ करून टाकतो.

B8 म्हणजे प्रत्यक्ष रंगवायचं क्षेत्रफळ, आपल्या उदाहरणात १२ चौरस मीटर. बिलं इथेच फुगतात. अख्खं क्रॉसिंग मोजलं तर ७.५ गुणिले ३, म्हणजे २२.५ चौरस मीटर येतं. पण त्यातलं १०.५ तर काळं डांबर आहे, त्यावर रंगाचा थेंबही पडत नाही.

B9 हे थर्मोप्लास्टिकचं वजन. हा रंग गरम करून वितळवून ओततात. १ चौरस मीटरवर २.५ मिलिमीटर थर म्हणजे २.५ लिटर, आणि त्याचा लिटर साधारण २ किलोचा. म्हणून १२ चौरस मीटरला ६० किलो. सांडलवंडीसाठी आणखी ५-६ किलो धरा. रात्री हेडलाइटमध्ये चमकण्यासाठी वरून काचेचे बारीक मणी टाकतात, चौरस मीटरला २५० ग्रॅम, म्हणजे ३ किलो. साधा रंग असेल तर डब्यावर लिहिलेलं कव्हरेज बघा. समजा लिटरला ८ चौरस मीटर असेल, तर दोन हातांसाठी ३ लिटर.

या हिशोबाने कामही तपासता येतं. ६० किलोच्या जागी ३६ किलोच लागलं असेल तर थर दीड मिलिमीटरचाच बसलाय, आणि तो लवकर झिजणार. मात्र वजन बरोबर असूनही पट्टा पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर दोष बहुतेक वेळा खालच्या धुळीचा किंवा ओलीचा असतो. शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेली आपल्याकडची काळी माती रस्त्यावर बसते. ती झाडून, धुऊन, रस्ता पूर्ण वाळवल्याशिवाय रंग धरत नाही.

रस्त्यात डिव्हायडर असेल तर मात्र एकच रुंदी भरू नका. दोन्ही बाजू ७-७ मीटर आणि मधला डिव्हायडर १ मीटर असेल, तर सलग १५ मीटरला सूत्र १५ पट्टे दाखवेल. त्यातला मधला पट्टा थेट डिव्हायडरवर पडतो. प्रत्येक बाजू वेगळी काढा: ७ आणि ७, एकूण १४.