विदाकोठार (डेटा वेअरहाउस)

उद्योगसंस्थेच्या दैनंदिन व्यवहारप्रणालींतील नोंदी ठरावीक काळाने उचलून, त्यांना एकरूप करून व त्यांचा इतिहास जपून केवळ अहवाल आणि विश्लेषण यांसाठी रचलेल्या स्वतंत्र संग्रहास विदाकोठार किंवा डेटा वेअरहाउस म्हणतात. या संग्रहाच्या रचनेचा आराखडा बॅरी डेव्हलिन व पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये मांडला. पुढे विल्यम इनमन (१९९२) व राल्फ किंबल (१९९६) यांच्या ग्रंथांमुळे या कल्पनेचा प्रसार झाला.

खरेदी, विक्री, साठा, लेखा इ. व्यवहार एकाच प्रणालीत नोंदविणारी ईआरपी संस्थेत असताना वेगळे कोठार कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे एक कारण कामाच्या स्वरूपात आहे. विक्रीची एक मागणी नोंदविताना ईआरपीला थोड्याच ओळी वाचाव्या व लिहाव्या लागतात. मात्र ते काम तत्काळ व्हावे लागते. उलट पाच वर्षांच्या विक्रीचा मालवार अहवाल लाखो ओळी चाळतो. दोन्ही कामे एकाच संगणकावर चालली, तर अहवालामुळे मागण्यांची नोंद मंदावते. म्हणून असे अहवाल रात्री काढण्याची प्रथा पडली.

याहून महत्त्वाचे कारण इतिहासाचे आहे. ईआरपीतील ग्राहक, माल, विभाग इत्यादींच्या मूळ नोंदी बहुधा आजची स्थिती दाखवितात. समजा, एक ग्राहक १ ऑक्टोबर २०२३ रोजी नाशिक विभागाकडून पुणे विभागाकडे वर्ग झाला. त्याची खरेदी एप्रिल ते सप्टेंबर या काळात ४० लाख रु. व पुढील सहा महिन्यांत ६० लाख रु. झाली. ग्राहकाच्या नोंदीतील विभाग बदलला, की त्या नोंदीवर आधारलेला वार्षिक अहवाल सर्व १ कोटी रु. पुण्याच्या नावे दाखवितो आणि नाशिकच्या पूर्वी जाहीर झालेल्या सहामाही विक्रीतून ४० लाख रु. नाहीसे होतात. विभाग जर प्रत्येक मागणीवरही उतरवून ठेवलेला असेल, तर ही अडचण येत नाही; परंतु ग्राहकाविषयीची प्रत्येक बाब तशी उतरवली जात नाही.

विदाकोठारात यासाठी वेगळी रचना करतात. मध्यभागी विक्रीच्या रकमांचे तथ्यकोष्टक व भोवती ग्राहक, माल, दिनांक यांची वर्णनकोष्टके असतात. या मांडणीस तारकारचना म्हणतात. ग्राहकाचा विभाग बदलल्यास जुनी ओळ न पुसता तिची मुदत ३० सप्टेंबरला संपवितात आणि नव्या क्रमांकाची दुसरी ओळ घालतात. उदा., ओळ ५०१ नाशिकची व ओळ ५०२ पुण्याची. प्रत्येक विक्री त्या दिवशी लागू असलेल्या ओळीस जोडल्याने ४० लाख रु. नाशिककडे व ६० लाख रु. पुण्याकडेच राहतात.

कोठार भरण्याचे काम निष्कर्षण, रूपांतरण व भरण या तीन टप्प्यांत होते. दररोज सर्व नोंदी उचलणे खर्चिक असल्यामुळे मागील खेपेनंतर बदललेल्या नोंदीच सामान्यतः उचलतात. येथेच बहुतेक दोष शिरतात. बदलाच्या वेळेवरून निवड केल्यास ईआरपीतून पुसून टाकलेली ओळ निवडीत येतच नाही आणि कोठारात ती तशीच राहते. तसेच ११:५९ ही वेळ पडलेला व्यवहार प्रत्यक्षात १२:०१ वाजता पूर्ण झाला, तर १२ वाजताच्या खेपेस तो दिसत नाही आणि पुढील खेप १२ नंतरचेच बदल शोधत असल्याने तो कायमचा सुटतो. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक खेप थोडी मागून सुरू करतात व पुन्हा आलेली ओळ तिच्या क्रमांकावरून ओळखून जुनीच्या जागी ठेवतात. किंवा डेटाबेसच्या बदलनोंदवहीतूनच बदल वाचतात. पुसलेल्या ओळीही या नोंदवहीत सापडतात.

असे दोष अहवाल पाहून सहसा कळत नाहीत. त्यासाठी दररोज दोन्हीकडील ओळींची संख्या व रकमेची बेरीज ताडून पाहतात. कोठारातील बेरीज जास्त आल्यास पुसलेली वा दुबार ओळ आणि कमी आल्यास सुटलेली ओळ असण्याचा संभव असतो. मात्र दोन विरुद्ध चुका बेरजेत एकमेकींस झाकू शकतात, म्हणून ही तुलना दिवसवार व विभागवार करणे इष्ट ठरते.

सॅप हाना (२०१०) यांसारख्या, नोंदी स्मृतीत व स्तंभवार ठेवणाऱ्या डेटाबेसांमुळे वेगाची अडचण बरीच कमी झाली असून अनेक अहवाल थेट ईआरपीतच काढता येतात. प्रलंबित मागण्या किंवा या क्षणाचा साठा यांची माहिती तेथूनच घेणे योग्य असते, कारण ठरावीक काळाने भरले जाणारे कोठार नेहमी थोडे मागे असते. परंतु वेगामुळे पुसला गेलेला इतिहास परत येत नाही, तसेच ईआरपीबाहेरील प्रणालींच्या नोंदीही तीत आपोआप येत नाहीत. या दोन गरजांसाठी विदाकोठार वेगळे ठेवावे लागते.