उणे सात मोठे की उणे दोन?

मॉलच्या लिफ्टमध्ये ० म्हणजे तळमजला आणि त्याखाली −१, −२ असे पार्किंगचे मजले. −२ वरून −१ वर जायला लिफ्ट वर जाते, हे कुठलंही मूल सांगेल. तेच मूल वहीत मात्र −२ ला −१ पेक्षा मोठं ठरवतं. असं का होतं?

५, −७, ०, −२, ३ या संख्या चढत्या क्रमाने मांडायला सांगा. अनेक मुलं −२, −७, ०, ३, ५ असं लिहितात. ऋण संख्या शून्याहून लहान, एवढं त्यांना कळलेलं असतं. पण ‘सात दोनाहून मोठे’ ही जुनी सवय ती तशीच डावीकडे घेऊन जातात.

लिफ्ट आडवी झोपवा, की संख्यारेषा तयार होते. वरचे मजले उजवीकडे, खालचे डावीकडे. शून्यापासून डावीकडे दोन पावलांवर −२ येतो, सात पावलांवर −७. सात हा आकडा फक्त अंतर सांगतो. लहान-मोठेपण ठरतं जागेवरून. जी संख्या उजवीकडे, ती मोठी. म्हणून बरोबर क्रम −७, −२, ०, ३, ५.

ही चूक पकडायची असेल, तर ‘−७ आणि ३ मध्ये मोठं कोण?’ हा प्रश्न कामाचा नाही. गैरसमज असूनही उत्तर बरोबर येतं. दोन्ही संख्या ऋण द्या. आणखी एक परीक्षा म्हणजे −२.५ दाखवायला सांगणं. गोंधळलेलं मूल −२ च्या उजवीकडे बोट ठेवतं. खरी जागा −३ आणि −२ यांच्या मधोमध.