प्रेक्षक निसटतो कुठे?

पुरणपोळीच्या साडेआठ मिनिटांच्या व्हिडिओबद्दल एक फ्रीलान्स एडिटर आपल्या क्लायंटला मेल लिहितो आहे, असं समजा.

‘ताई, यूट्यूब स्टुडिओमधला आलेख पाहिला. तिसाव्या सेकंदाला शंभरातले 52 जणच उरलेत. लोगो आणि स्वागतातच 40 सेकंद जातात, पोळी कुठे दिसतच नाही. 3:10 ला खड्डा आहे. डाळ शिजेपर्यंत थांबायला कुणी तयार नाही, लोक पुढे ढकलतात. 5:40 ला, पोळी लाटताना, उंचवटा आहे. तो भाग लोक मागे जाऊन पुन्हा बघतात.’

उंचवटा म्हणजे आवडलंच, असं मात्र नाही. हाताची हालचाल नीट दिसली नाही म्हणूनही माणूस मागे जातो. आलेख जागा दाखवतो, कारण सांगत नाही. ते शोधायला एडिटरला तो भाग स्वतः पुन्हा बघावाच लागतो.

पुढे तो लिहितो, ‘चढवलेल्या व्हिडिओतून आपण कापू शकतो, नवं दृश्य घालू शकत नाही. म्हणून स्टुडिओतच स्वागत आणि डाळ छाटतो. लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतील. फुगलेली पोळी पहिल्या पाच सेकंदांत आणायची, तर व्हिडिओ नव्याने चढवावा लागेल आणि व्ह्यूज शून्यापासून मोजले जातील. ते पुढच्या रेसिपीत करून बघू.’