एक लाखाची ठेव पावणेपाच लाख कशी होते?

समजा, राहुरीच्या शेतकऱ्याने उसाच्या बिलाचे 1,00,000 रुपये बँकेत ठेवले. 3 टक्के सीआरआर आणि 18 टक्के एसएलआर राखून बँक उरलेले 79,000 कर्जाने देते. कर्जदार ठिबकचा संच घेतो आणि दुकानदार ते पैसे आपल्या बँकेत भरतो. शेतकऱ्याच्या पासबुकावर लाख रुपये तसेच आहेत, शिवाय दुकानदाराच्या खात्यावर 79,000 नवे आले! त्यातून पुढचे कर्ज 62,410 चे. साखळी अखंड चालली तर एकूण ठेवी 4.76 लाखांपर्यंत जातात. प्रत्यक्षात त्या इतक्या होत नाहीत, कारण काही रक्कम रोखीत लोकांच्या हाती राहते आणि बँकेला भरवशाचे कर्जदारही मिळावे लागतात.

कर्ज बुडाले, तरी ठेवीचा आकडा पासबुकावर तसाच दिसतो. ती फेडायला लागणारा पैसा मात्र गेलेला असतो. आपल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये रद्द केला, तेव्हा पुरेसे भांडवल आणि कमाईची शक्यता नसल्याचे कारण दिले होते. अशा वेळी विम्याचे संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला 5 लाखांपर्यंतच असते. म्हणून मोठी ठेव ठेवण्याआधी बँकेच्या वार्षिक अहवालात निव्वळ एनपीए किती आहे, ते जरूर बघा.