नात्यातला नवरा की परका? सिकलसेलचा हिशेब वेगळाच आहे

बीड तालुक्यातल्या कपिलधारजवळच्या वस्तीतलं एक घर डोळ्यांसमोर आणू. मुलगी लग्नाची आहे. दोन स्थळं आलीत. एक आत्याचा मुलगा, दुसरा नागपूरकडचा, आपल्याच समाजातला पण नात्यातला नाही. घरातली शिकलेली पोरं म्हणतात, नात्यात दिली की लेकरं आजारी निपजतात, म्हणून नागपूरचं स्थळ बरं. आजी म्हणते, आमच्या चार पिढ्या मामा-आत्यांत झाल्या, कुणाला काय झालं? दोघांच्याही म्हणण्यात थोडं खरं आहे. पण दोघांकडूनही एक गोष्ट निसटते.

आपल्या शरीरात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. काही आजार असे असतात की एकच प्रत बिघडलेली असली, तर दुसरी चांगली प्रत काम निभावते. असा माणूस आजारी नसतो, त्याला वाहक म्हणतात. सिकलसेल त्यातलाच आजार आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तरच लेकराला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळू शकतात. तशी शक्यता प्रत्येक बाळंतपणात चारात एक असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटतात, असं नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने उचलली जाते.

मग काही समाजांतच असे आजार जास्त का? जोंधळ्याच्या मोठ्या राशीतून मूठभर बियाणं घेतलं आणि त्या वीस दाण्यांत एक रोगट आला. पुढे पिढ्यान् पिढ्या तेच बियाणं पेरत राहिलो, बाहेरचं मिसळलंच नाही, तर अख्ख्या शेतात वीसात एकाच्या आसपास रोगट दाणे दिसतील. मूळ राशीत मात्र तसा दाणा हजारात एखादाच असेल. माणसांचंही असंच होतं. थोड्या पूर्वजांपासून समाज वाढतो आणि लग्नं आतल्या आत होतात. मग त्या पूर्वजांपैकी एकात असलेला दोष पुढे शेकडो घरांत पोचतो. याला संस्थापक प्रभाव म्हणतात.

हे फक्त गरीब किंवा दलित वस्त्यांत होतं, असं समजू नका. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य या व्यापारी समाजात एक दोष इतरांपेक्षा खूप जास्त आढळतो. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल पाडायला जे एक इंजेक्शन देतात, त्याचा परिणाम एरवी काही मिनिटांत उतरतो. हा दोष असलेल्या माणसात तो लवकर उतरत नाही, आणि तोवर श्वास यंत्राने चालवावा लागतो. समाज सधन असो की नसो, दार आतून बंद असलं की दोष आतच फिरत राहतो.

सिकलसेलमध्ये आणखी एक कारण मिसळलं. भारतात आढळणारा सिकलसेलचा दोष बहुतेक एकाच जुन्या उगमातून आलेला आहे. पूर्व अरबस्तानातही तोच आढळतो. वाहकाला जीवघेणा मलेरिया सहसा कमी होतो. म्हणून जंगलपट्टीत, मलेरियाच्या मुलखात वाहक जास्त जगले आणि दोष वाढत गेला. मलेरियाने तो वाढवला आणि जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांनी तो ठरावीक समाजांत अडकवून ठेवला. विदर्भातल्या आदिवासींत आणि पूर्वाश्रमीच्या महार, आजच्या बौद्ध समाजात तो जास्त आढळतो. नागपूरकडच्या काही पाहण्यांत आपल्या समाजात पाचात एकाच्या आसपास वाहक मिळाले आहेत.

आता त्या दोन स्थळांकडे परत येऊ. समजा मुलगी सिकलसेलची वाहक आहे. आत्याच्या मुलाकडे तोच दोष नात्यातून आलेला असण्याची शक्यता किती? मुलीला तो वडिलांकडून मिळाला असण्याची शक्यता निम्मी. तसं असेल तर आत्याकडेही तो असण्याची शक्यता पुन्हा निम्मी, आणि आत्याकडून मुलाला जाण्याची आणखी निम्मी. म्हणजे आठात एक. त्या भागात वाहक बरेच असतील, तर यात आणखी थोडी भर पडेल. आणि नागपूरकडचा, नात्यात नसलेला मुलगा? तिथे पाचात एक वाहक असतील, तर त्याची शक्यता पाचात एक. म्हणजे सिकलसेलपुरता परका मुलगा आत्याच्या मुलापेक्षा कमी धोक्याचा ठरत नाही, उलट जास्तच ठरू शकतो.

म्हणून आजीचं बरोबर ठरलं का? नाही. आपल्या प्रत्येकात काही दुर्मीळ दोष लपलेले असतात. समजा असा एक दोष दोनशे माणसांत एकाकडे आहे. मुलगी त्याची वाहक असेल, तर परक्या मुलाकडे तो असण्याची शक्यता दोनशेत एक, पण आत्याच्या मुलाकडे मात्र जवळपास आठात एक, म्हणजे पंचवीस पट. जन्मतः बहिरेपण किंवा स्नायूंचे काही आजार नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतात, ते यामुळेच. दुर्मीळ आजारात नातं धोका वाढवतं. समाजात आधीच पसरलेल्या आजारात नातं नसलं, तरी धोका राहतोच.

यावर उत्तर लग्नाआधी तपासणी हेच आहे. साध्या सोल्युबिलिटी चाचणीत रक्तात सिकलचा दोष आहे की नाही एवढंच कळतं. माणूस वाहक आहे की रुग्ण, ते कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी लागते. थॅलेसेमियाचा वाहकही तिच्यातच सापडतो. हे महत्त्वाचं आहे, कारण एक जोडीदार सिकलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला, तरीही मूल आजारी होऊ शकतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटी चाचणीवर विसंबू नये, आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झालं आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीची चौकशी करा.

दोघंही वाहक निघाले, तर लग्न मोडलंच पाहिजे असं नाही. दिवस गेल्यावर सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी डॉक्टरांना लवकर भेटावं लागतं. आणि फक्त मुलीचीच तपासणी मागणं हा अन्याय आहे. दोष दोघांकडून आला तरच मूल आजारी होतं. वाहक असणं हा आजारही नाही आणि कलंकही नाही.

तान्ह्या बाळाचे हातपाय सुजणं, वारंवार हाडं दुखणं, डोळे पिवळे होणं, पोटात डाव्या बाजूला गाठ लागणं, ही लक्षणं दिसली तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबू नका. रुग्णाला ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी हे जास्त ध्यानात ठेवावं, कारण उन्हात पाणी कमी पडलं की दुखण्याचा झटका येऊ शकतो. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने असे झटके पुष्कळ कमी होतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सांगितलं होतं, की जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा गाभा आहे. पुढे 1936 साली जात मोडायचा खरा उपाय म्हणून त्यांनी आंतरजातीय विवाह सुचवला. ते माणुसकीसाठी बोलत होते, रक्ततपासणीसाठी नाही. पण 1956 ला आपण धम्म घेतला आणि सोयरिकी मात्र बहुतेक जुन्याच घरांत राहिल्या. ते दार उघडलं की वाहक वाहकाला भेटण्याची शक्यता कमी होते. दोष त्यामुळे नाहीसा होत नाही, पण आजारी जन्मणारी लेकरं कमी होतात. नागपूरचं स्थळ असो, आत्याचा मुलगा असो की दुसऱ्या जातीतला, कुंकू लावण्याआधी दोघांच्या रक्ताचा कागद हातात असू द्या.