लग्नपत्रिकेच्या फोटोतून तारीख, जागा आणि वेळ नेमकी कशी काढायची

भाकरीची, शेंगाचटणीची ऑर्डर घेताना आपण विचारतो, कार्यक्रम कधी आहे, माल कुठं पोचवायचा? पलीकडून उत्तर येतं, "ताई, पत्रिकेचा फोटो टाकलाय, त्यात सगळं आहे." सगळं असतं हे खरं, पण आपल्या सोलापूर भागात ते कधी मराठीत, कधी कानडीत, कधी तेलुगूत आणि कार्यालयाचं नाव तेवढं इंग्रजीत असतं. शिवाय एका पत्रिकेवर तीन-तीन तारखा असतात. आपल्याला हवी असते ती त्यातली एकच. भाकरी काही चार दिवस आधी थापून ठेवता येत नाही, म्हणून ती एक तारीख बरोबर काढावी लागते.

२०२५ च्या उन्हाळ्यातल्या लग्नाची एक पत्रिका उदाहरणाला घेऊ. नावं बाजूला ठेवू. नवरा मुलगा अक्कलकोट तालुक्यातला, मुलीकडचे बेंगळुरूला राहणारे. मुलाकडच्यांनी गटाला ऑर्डर दिली: हळदीच्या जेवणाला ३०० ज्वारीच्या भाकरी आणि लग्नाच्या पंगतीला पाच किलो शेंगाचटणी. सोबत पत्रिकेचा एक फोटो.

सगळ्यात आधी फोटो पुरा आहे का ते बघायचं. पत्रिका घडीची असते. वरचं पान गणपतीचं, आतलं मुख्य, आणि पुष्कळदा हळदीचा, देवकार्याचा मजकूर वेगळ्या चिठ्ठीवर किंवा मागच्या पानावर असतो. एकच फोटो आला असेल तर, "दादा, सगळी पानं वेगवेगळी पाठवा, मागची बाजूसुद्धा," असं सांगायला लाजू नये. लाल कागदावर सोनेरी अक्षरं असली की फ्लॅशमध्ये ती पांढरी चमकतात आणि नेमके आकडेच उडून जातात. फ्लॅश बंद, पत्रिका दारातल्या सावलीत सपाट ठेवलेली, फोन बरोबर वर धरलेला, एवढं केलं तरी अक्षर उठतं. व्हॉट्सअॅपवर फोटो लहान होऊन येतो. मोठा करून बघितल्यावर आकडा फुटत असेल तर तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायचं, मग तो मूळ आकारात येतो.

काही जणी फोनच्या कॅमेऱ्यातून मजकूर वाचून घेतात. कानडी ओळ मराठीत कळायला ती सोय बरी आहे. पण पत्रिकेत डावीकडे हळद आणि उजवीकडे विवाह असे दोन रकाने असले, तर फोन सरळ आडवी ओळ वाचत जातो आणि डावीकडचा बुधवार उजवीकडच्या विवाहाला चिकटवतो. तेव्हा फोनने काय वाचलं ते घ्यावं, पण कोणता शब्द कोणत्या रकान्यातला ते आपल्या डोळ्यांनी बघावं.

आता तारीख. या पत्रिकेत मराठी बाजूला होतं: शके १९४७, वैशाख शुद्ध ५, गुरुवार, दि. १/५/२०२५. म्हणजे एकच दिवस तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो: तिथीने, वाराने आणि तारखेने. तिन्ही एकमेकांशी ताडून बघायचे. फोटो पुसट असला की आपला मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. ज्या पत्रिकेत काही आकडे इंग्रजी आणि काही मराठी असतात, तिथे तर हमखास. या फोटोतही "९ मे" वाचता आलं असतं. पण दिनदर्शिका उघडली की कळतं, २०२५ मध्ये ९ मे शुक्रवारी आहे आणि १ मे गुरुवारी. पत्रिका गुरुवार म्हणते, तेव्हा तो एक आहे. वार हा अक्षरांत लिहिलेला असतो, म्हणून आकड्याइतका सहज फसवत नाही. शिवाय कानडी, तेलुगू, हिंदी सगळीकडे वारांची नावं जवळजवळ आपल्यासारखीच आहेत. लिपी वाचता येत नसेल तर ती येणाऱ्या एखाद्या मावशीकडून ओळ मोठ्याने वाचून घ्यायची, वार आपल्याला ऐकूनच कळतो.

तिथीचं मात्र थोडं वेगळं आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत १ मेच्या चौकोनात चतुर्थी आहे आणि पत्रिका पंचमी म्हणते. मग लग्न २ मेला तर नाही? तसं नसतं. दिनदर्शिकेत सूर्योदयाला जी तिथी असेल ती छापतात. तिथी दिवसाच्या मध्येच बदलते, आणि पंचांग बघणारे गुरुजी मुहूर्ताच्या वेळी जी तिथी असेल ती लिहितात. एका तिथीचा फरक दिसला तर घाबरू नये, वार आणि तारीख जुळते का ते बघावं. ती जुळत नसेल, तर मात्र छपाईची चूक असू शकते, आणि मग अंदाज न करता फोनच करावा. मारवाडी किंवा हिंदी पत्रिकेत संवत २०८२ असं दिसलं तर ते विक्रम संवत, इंग्रजी सालाशी त्याचा गोंधळ करू नये. त्यांच्याकडे वद्य पक्षाला महिन्याचं नावही पुढचं असतं. आपला वैशाख वद्य म्हणजे त्यांचा ज्येष्ठ वदी. अशा पत्रिकेत महिन्याच्या नावावर न जाता तारीख आणि वार धरायचा.

आता यातला सगळ्यात फसवा भाग सांगतो. या पत्रिकेत कानडी बाजूला तीन ओळी होत्या. मोठ्याने वाचल्या तर अशा: "अरिशिण, बुधवार 30-4-2025, संजे 6 गंटेगे." "अक्षतारोपण, गुरुवार, मध्याह्न 12-35 क्के." "आरतक्षते, रविवार 4-5-2025, संजे 7 गंटेगे." गंटे म्हणजे वाजता, संजे म्हणजे संध्याकाळ. अरिशिण म्हणजे हळद. अक्षतारोपण म्हणजे अक्षता टाकायच्या, म्हणजेच लग्न. आणि आरतक्षते? आपल्याकडे "अक्षता किती वाजता?" म्हणजे लग्न किती वाजता, त्यामुळे कान लगेच तिकडे जातो. पण कानडीत आरतक्षते म्हणजे रिसेप्शन. ते लग्नानंतर असतं, कर्नाटकात कित्येकदा लग्नाच्या आदल्या संध्याकाळीही असतं. नुसत्या "अक्षते"वर बोट ठेवून कुणी ४ मे धरला असता, तर लग्न होऊन तीन दिवसांनी चटणी निघाली असती.

"लग्न" हा शब्दही असाच आहे. पत्रिकेत "कर्क लग्न" किंवा "मिथुन लग्न" असं लिहिलेलं असतं. ते कुणाचं आडनाव नाही किंवा दुसरं लग्नही नाही. त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास म्हणजे लग्न, साधारण दोन तासांचा काळ. तिथे वेळ काढत बसू नये, शेजारी वाजून किती मिनिटं ते छापलेलं असतंच. गोरज मुहूर्त असेल तर तो सूर्यास्ताच्या सुमाराचा, कानडीत त्याला गोधूळी म्हणतात. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या पुढे मावळतो, म्हणजे पंगत रात्रीचीच.

रात्रीच्या मुहूर्ताबद्दल एवढं ध्यानात ठेवा. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, मध्यरात्रीला नाही. त्यामुळे तेलुगू पत्रिकेत "बुधवार रात्री 2-15" असं असेल, तर घड्याळाने तो गुरुवारचा पहाटेचा सव्वादोन असतो. त्यांच्या पत्रिकेत कंसात "तेल्लवारिते गुरुवार" असं लिहितात, म्हणजे उजाडलं की गुरुवार. ते शब्द दिसले की जेवण बुधवारी रात्री आहे का गुरुवारी दुपारी, हे विचारल्याशिवाय पीठ भिजवू नये.

आता जागा. पत्रिकेवर पत्ते पुष्कळ असतात. मुलाचं गाव, मुलीचं गाव, निमंत्रकांचा पत्ता, आणि अगदी खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आणि फोन. ज्याच्याआधी "विवाहस्थळ", "स्थळ", किंवा कानडीत "स्थळ" आणि "कल्याण मंटप" असेल, तोच धरायचा. कल्याण मंटप म्हणजे आपलं मंगल कार्यालय. या पत्रिकेत विवाहस्थळ सोलापुरातलं एक कार्यालय होतं आणि आरतक्षतेचं बेंगळुरूचं. पण हळदीच्या ओळीत "वरन स्वगृह" एवढंच होतं. स्वगृह म्हणजे राहतं घर, वर म्हणजे नवरदेव. तेव्हा हळद नवऱ्या मुलाच्या घरी, आणि त्याचं गाव वर त्याच्या नावाखाली "मु. पो." करून दिलेलं. भाकरी त्या गावात जायच्या, कार्यालयात नाही. दोन्हींमध्ये चाळीस किलोमीटरचं अंतर.

एवढं निघालं की वहीत आपल्यापुरती नोंद करायची. पत्रिकेवरचा वेळ हा विधीचा असतो, जेवणाचा नाही. हळद संध्याकाळी ६ ला म्हणजे पान आठच्या आसपास पडणार, हा आमचा अनुभव. भाकरी साडेसातला पोचायला हव्या. एका चुलीवर एक बाई तासाला पंधरा-सोळा भाकऱ्या करते. सहा चुली लावल्या तर ३०० भाकऱ्यांना सव्वातीन तास, आणि रिक्षाने पोचायला पाऊण तास. म्हणजे थोडी सवड ठेवून बुधवारी दुपारी तीनला तवे तापलेले हवेत. चटणी आदल्या दिवशी कुटून ठेवली तरी चालते. लग्न १२ वाजून ३५ मिनिटांचं, पंगत अक्षता पडल्या की लगेच, तेव्हा ती सकाळी दहालाच कार्यालयात.

शेवटी गिऱ्हाइकाला फोटोवर "ओके" पाठवायचं नाही. आपण काय वाचलं ते आपल्या शब्दांत लिहून पाठवायचं, वारासकट, आणि सकाळ-संध्याकाळसकट. या ऑर्डरला गटाने पाठवलेला निरोप असा होता: "दादा, ३०० भाकरी बुधवार ३० एप्रिल, संध्याकाळी साडेसात, तुमच्या गावच्या घरी. चटणी ५ किलो गुरुवार १ मे, सकाळी दहा, सोलापूरला कार्यालयात. रविवारच्या बेंगळुरूच्या कार्यक्रमाला आमचं काही नाही. बरोबर आहे का?" उत्तर आलं, "बरोबर, पण भाकरी सातलाच द्या, म्हातारी माणसं लवकर जेवतात." हे काही पत्रिकेवर छापलेलं नव्हतं. तवे अडीचला ठेवले.